बेक्ताशी पंथ, येनिचेरी फौज आणि १८२६ ची बंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेक्ताशी म्हणजे नेमके कोण?

अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात, उदयाला आलेला हा सूफी सिलसिला. हाजी बेक्ताश वेली हे त्यांचे पीर. ते तेराव्या शतकात खोरासानातून अनातोलियात आले आणि सुलुजाकाराह्योयूक नावाच्या छोट्या गावी स्थायिक झाले. आज ते गाव त्यांच्याच नावाने, हाजीबेक्ताश म्हणून ओळखलं जातं आणि नेवशेहिर प्रांतात मोडतं. त्यांचं निधन साधारण १२७१ च्या सुमारास झालं असं मानतात.

मात्र आज आपण ज्याला बेक्ताशी पंथ म्हणतो त्याची घडी हाजी बेक्ताश यांनी बसवलेली नाही. ती बसवली बालिम सुलतान यांनी. १५०१ मध्ये सुलतान दुसरा बायेझिद याने त्यांना मुख्य मठाच्या गादीवर बसवलं, आणि त्यांच्या काळात दीक्षेचे विधी, पायऱ्या, पोशाख आणि ब्रह्मचारी दर्विशांची शाखा यांना पक्कं रूप आलं. म्हणून बेक्ताशी त्यांना ‘दुसरे पीर’ म्हणतात. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते: पीर तेराव्या शतकातले, आणि शिस्तबद्ध पंथ सोळाव्या शतकातला.

एक खुलासा शब्दांचा. आपल्याकडे दर्गा म्हणजे पीराची कबर. तुर्कीत ‘दरगाह’ म्हणजे पंथाचा मोठा मठ, त्यात कबर असते आणि माणसंही राहतात. लहान मठाला ‘तेक्के’ म्हणतात. खाली ‘तेक्के’ हा शब्द वारंवार येईल.

आणि येनिचेरी?

येनिचेरी म्हणजे ‘नवी फौज’. इंग्रजी पुस्तकांमधून आपल्याकडे तोच शब्द ‘जॅनिसरी’ होऊन आला. चौदाव्या शतकात, मुख्यतः पहिल्या मुरादच्या कारकिर्दीत (१३६२ ते १३८९), सुलतानाचं स्वतःचं, पगारी, कायम खडं पायदळ म्हणून ती उभी राहिली. सुरुवातीला युद्धकैदी आणि पुढे ‘देवशिर्मे’ पद्धतीने बाल्कनमधल्या ख्रिस्ती घरांतून गोळा केलेली मुलं यांतून तिची भरती होई. मुलांना मुसलमान करून तुर्की कुटुंबांत शेतावर ठेवत, भाषा आणि चालीरीती अंगवळणी पडल्या की फौजेत घेत.

फौजेच्या तुकडीला ‘ओर्ता’ म्हणत. अशा एकूण १९६ ओर्ता होत्या आणि प्रत्येकीचा स्वतःचा क्रमांक, खूण आणि स्वयंपाकघर असे. सतराव्या शतकापासून मुलं गोळा करण्याची पद्धत ढिली होत बंद पडली. येनिचेरींची स्वतःची मुलं, कसबी, दुकानदार, नावाडी, हमाल असे लोक पटावर येऊ लागले. पगाराच्या चिठ्ठ्या तर हुंडीसारख्या विकल्या जाऊ लागल्या: सैनिक मेला तरी चिठ्ठी जिवंत, आणि ती ज्याच्या हाती तो दर तीन महिन्यांनी पगार उचलणार. एकोणिसाव्या शतकात इस्तंबूलमध्ये ‘येनिचेरी’ म्हटलं की डोळ्यांसमोर शिपायाइतकाच बाजारपेठेतला माणूस येई. १८२६ चा सारा प्रकार या पार्श्वभूमीवर वाचायला हवा.

हाजी बेक्ताश यांनीच येनिचेरी फौजेला आशीर्वाद देऊन तिची स्थापना केली, हे खरं का?

नाही. ही कथा जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय लेखात सापडते. सुलतान ओरहान नव्या सैनिकांना घेऊन पीरांकडे गेला, पीरांनी एका शिपायाच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांच्या झग्याची बाही मागे लोंबत राहिली, आणि म्हणून येनिचेरींच्या पांढऱ्या नमद्याच्या टोपीला मागे ती लांब पट्टी असते, अशी ती कथा. चित्र सुंदर आहे, पण तारखा जुळत नाहीत. ओरहान गादीवर आला १३२४ च्या सुमारास, म्हणजे पीरांच्या निधनानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, आणि फौज उभी राहिली त्याच्याही नंतर.

गंमत अशी की हा आक्षेप आजच्या इतिहासकारांनी प्रथम काढलेला नाही. पंधराव्या शतकातला ऑटोमन बखरकार आशिकपाशाजादे याने तेव्हाच ठणकावून लिहिलं की हाजी बेक्ताश यांची ऑटोमन घराण्यातल्या कोणाशीही गाठ पडलेली नव्हती. टोपीबद्दल त्याने उलटी हकीकत दिली आहे. पीरांच्या परंपरेतला अब्दाल मुसा हा दर्विश ऑटोमन सैन्याबरोबर लढाईला गेला होता, तिथे त्याने एका येनिचेरीकडून जुनी टोपी मागून घेतली, आणि ती घालून परत आला. म्हणजे टोपी दर्विशांकडून फौजेत गेली नाही, फौजेतून दर्विशांकडे आली. आशिकपाशाजादे स्वतः दुसऱ्या परंपरेचा होता, बेक्ताशींबद्दल त्याला प्रेम नव्हतं, हे लक्षात ठेवूनच त्याला वाचावं. पण त्याला हे खोडून काढावंसं वाटलं यावरून एक गोष्ट पक्की होते: पंधराव्या शतकातच फौज आणि पीर यांचं नातं लोकांच्या तोंडी होतं.

मग हे नातं जुळलं कसं?

कागदावरच्या एखाद्या हुकमाने नाही, सहवासाने. सुरुवातीच्या ऑटोमन मोहिमांत सरहद्दीवरचे भटके दर्विश सैन्याच्या बरोबरीने फिरत. बाल्कन जिंकत गेले तसे त्यांचे तेक्के रस्त्यांच्या कडेला, खिंडींजवळ, नव्या वस्त्यांत उभे राहिले. दिमेतोकाजवळचा कझल देली यांचा तेक्के हे त्याचं ठळक उदाहरण. शिपाई मोहिमेवर जाताना तिथे उतरत, जेवत, दुवा घेत.

दुसरी बाजू मुलांची. घरापासून तोडलेला, धर्म बदललेला, तुर्की नव्याने शिकलेला पोरगा. त्याला अरबीतलं शास्त्र नव्हे, तर तुर्कीत गायलं जाणारं भजनासारखं ‘नेफेस’ समजत होतं. बेक्ताशींची भाषा साधी तुर्की होती आणि कर्मकांडाबाबत ते कडक नव्हते. फौजेत लग्नाला मनाई असे, तेव्हा ओर्ता हेच कुटुंब आणि पीर हाच कुलपुरुष. या मुलांना पूर्वज हवा होता, आणि तो त्यांना हाजी बेक्ताश यांच्यात मिळाला, असं आम्हाला वाटतं.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस या नात्याला अधिकृत जागाही मिळाली. ९९ क्रमांकाच्या ओर्तामध्ये मुख्य मठाचा प्रतिनिधी म्हणून एक बेक्ताशी बाबा राहू लागला. तो वारला की हाजीबेक्ताशहून नवा बाबा इस्तंबूलला येई, आणि येनिचेरींचा सेनापती, म्हणजे आगा, स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर पंथाची टोपी ठेवी. मिरवणुकीत हा बाबा आगाच्या घोड्यापुढे चालत ‘करीम अल्लाह’ असा पुकारा करी आणि मागचे दर्विश ‘हू’ म्हणत साथ देत. फौजेला सरकारी कागदांतही ‘बेक्ताशी मंडळी’ म्हटलेलं आढळतं.

प्रत्येक येनिचेरी बेक्ताशी असे का?

नाही, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. बेक्ताशी होण्याच्या पायऱ्या आहेत. ‘आशिक’ म्हणजे नुसता ओढ असलेला. ‘मुहिब’ म्हणजे विधिपूर्वक वचन देऊन दीक्षा घेतलेला. मग दर्विश, बाबा, खलिफा आणि सर्वांत वर देदेबाबा. दीक्षा घ्यायला मार्गदर्शक लागतो, साक्षीदार लागतात, सगळ्या जमातीची संमती लागते. हजारो शिपाई या वाटेने गेले असं म्हणता येत नाही. फौजेला स्वतःचे इमाम होते आणि मशिदीत नमाज होत असे.

शिपायाचं नातं वेगळं होतं. तो पीराच्या नावाने शपथ घेई आणि ‘गुलबांग’ म्हणे. गुलबांग म्हणजे एकाने सुरात म्हणायची आणि सगळ्यांनी ‘हू’ म्हणून पुरी करायची सामूहिक प्रार्थना. तिची सुरुवात अशी: ‘अल्लाह अल्लाह, इल्लल्लाह, बाश उर्यान, सीने पुर्यान, कलच अल कान’. म्हणजे डोकं उघडं, छाती होरपळलेली, तलवार रक्ताने लाल. पुढे तीन, सात आणि चाळीस सिद्धांचं स्मरण, पैगंबरांचा प्रकाश, अलींची कृपा आणि शेवटी ‘आमचे पीर, आमचे धनी हाजी बेक्ताश वेली’. वारीला एकदाही न गेलेला माणूस ‘ग्यानबा तुकाराम’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण तो माळकरीही नसतो. बहुतेक येनिचेरींचं बेक्ताशी असणं काहीसं तसंच होतं.

हंड्याची गोष्ट काय आहे?

दोन्हीकडची समान खूण पाहायची असेल तर ती स्वयंपाकघरात दिसते. ओर्ताच्या प्रमुखाला ‘चोर्बाजी’ म्हणत, म्हणजे सूपवाला. त्याच्या खालोखाल मुख्य आचाऱ्याला मोठा मान. टोपीच्या पुढच्या बाजूला पितळी नळी असे आणि तिच्यात चमचा खोचायची रीत होती. ओर्ताचा तांब्याचा मोठा हंडा, ‘कझान’, झेंड्याइतका पवित्र. लढाईत तो हरवला तर ओर्ताची अब्रू गेली.

पगाराच्या दिवशी तोपकापी राजवाड्याच्या दुसऱ्या चौकात शिपायांना सूप, पुलाव आणि केशराचा गोड भात मिळे. खूण होताच शिपाई जेवणाकडे धावले तर ठीक. जागचे हलले नाहीत तर वजिरांच्या पोटात गोळा येई, कारण सुलतानाचं अन्न नाकारणं ही बंडाची पहिली पायरी होती. पुढची पायरी म्हणजे हंडे बाहेर आणून मैदानात मांडणं. आजही तुर्कीत बंड करण्याला ‘हंडा उचलणं’ म्हणतात.

बेक्ताशी मठातही तेच मध्यस्थान. ‘मैदान’ नावाच्या विधीच्या खोलीत मेंढीची १२ कातडी मांडलेली असतात. प्रत्येक कातडं म्हणजे एक पद आणि त्यामागे एक संत. बाबाच्या कातड्याच्या पाठोपाठ आचाऱ्याचं कातडं कझल देली म्हणजे सय्यद अली सुलतान यांच्या नावाचं, भाकरी भाजणाऱ्याचं बालिम सुलतान यांच्या नावाचं. कोठीवाला, कॉफी करणारा, पाहुण्यांची देखभाल करणारा या सगळ्यांना जागा आहे. नव्याने आलेला माणूस आधी स्वयंपाकघरात खपतो. हाजीबेक्ताशच्या मठात ‘कारा कझान’, काळा हंडा, आजही भटारखान्यात पाहायला मिळतो. फौजेने ही रीत मठाकडून घेतली की दोघांनी ती एकाच जुन्या तुर्की रिवाजातून उचलली हे ठामपणे ठरवता येत नाही. पण बराकीतला शिपाई तेक्केमध्ये शिरला की त्याला परकं वाटत नसणार एवढं नक्की.

१८२६ मध्ये येनिचेरींचं नेमकं काय झालं?

सुलतान दुसरा महमूद याने १८०८ पासून या क्षणाची वाट पाहिली होती. त्याचा चुलतभाऊ तिसरा सलीम याला नवी फौज उभारल्याबद्दल १८०७ च्या बंडात गादी गमवावी लागली होती. महमूद घाईने काही करणार नव्हता. त्याने आधी मोक्याच्या जागी आपली माणसं बसवली, तोफखाना हाताशी धरला, उलेमांना म्हणजे धर्मपंडितांना आपल्या बाजूला वळवलं. ग्रीक बंडात येनिचेरींची नाचक्की झाली, आणि इजिप्तच्या कवायती फौजेने एप्रिल १८२६ मध्ये ग्रीसमधलं मिसोलोंगी घेतल्यावर तुलना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली.

२८ मे १८२६ च्या फर्मानाने ‘एश्किन्जी’ नावाची कवायती तुकडी जाहीर झाली. इस्तंबूलच्या ५१ ओर्तांमधून प्रत्येकी १५०, म्हणजे ७,६५० माणसं. हिशेब पाहिला तर चलाखी कळते. फौज मोडली नव्हती, तिच्यातूनच माणसं काढली होती, आणि येनिचेरींच्या अधिकाऱ्यांकडून संमतीपत्रावर सह्या घेतल्या होत्या. आता बंड केलं तर ते स्वतःच्या सहीविरुद्ध ठरणार होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कवायत सुरू झाली आणि १४ जूनच्या रात्री हंडे एतमैदानात आले. एतमैदान म्हणजे ‘मांसाचं मैदान’, येनिचेरींना मांस वाटलं जाई ती बराकींसमोरची जागा. बंडखोरांनी आगाच्या आणि मुख्य वजिराच्या वाड्यांवर हल्ला केला. १५ जूनला, गुरुवारी, महमूद बेशिक्ताशहून तोपकापीला आला आणि त्याने पैगंबरांचा पवित्र झेंडा बाहेर काढला. झेंड्याखाली तोफखान्याचे गोलंदाज, मदरशांचे विद्यार्थी आणि शहरातले लोक जमले. बंडखोरांच्या बाजूने शहर उठलं नाही, आणि तिथेच निकाल लागला. तोफांनी बराकींचा दरवाजा फोडला, लाकडी इमारतींना आग लागली, आत अडकलेले जळून मेले. दुपार कलेपर्यंत लढाई संपली होती. पुढचे दिवस पकडापकडी आणि गळफास. मृतांचे आकडे वेगवेगळे सांगतात, पण ते हजारांच्या घरात आहेत. १७ जूनला फौज बरखास्त झाल्याचं फर्मान वाचलं गेलं आणि ‘महंमदाची विजयी सेना’ या नावाची नवी फौज जाहीर झाली. दरबारी इतिहासात या घटनेला ‘मंगल घटना’ असं नाव आहे. जळालेल्या बराकींच्या बाजूने पाहणाऱ्याला ते नाव उच्चारणं जड जातं.

बंड शिपायांनी केलं. मग शिक्षा दर्विशांना का?

तेक्केंनी बंड रचलं, असा ठोस पुरावा सरकारने मांडला नाही. कारणं वेगळी होती. पहिलं म्हणजे फौजेची ओळखच पीराच्या नावावर उभी होती. फौजेचं नाव घेणंही गुन्हा ठरवल्यावर गुलबांग गाणारे मठ उघडे ठेवणं सरकारला परवडणारं नव्हतं. दुसरं म्हणजे महमूदला उलेमांचं पाठबळ हवं होतं आणि उलेमांचा बेक्ताशींवर जुना राग होता. नमाज आणि रोजे पाळत नाहीत, विधीत दारू घेतात, बायका पुरुषांबरोबर बसतात, अलींना उंचावून पहिल्या तीन खलिफांना दूषणं देतात, असे आरोप शतकानुशतकं चालत आले होते. त्यातले काही, जसं अलींची भक्ती, विधीतलं पेय आणि बायकांचा सहभाग, बेक्ताशींना मान्यच होते. तिसरं कारण जमीन, त्याबद्दल पुढे.

यादी दर्विशांपुरती थांबली नाही हेही ध्यानात घ्यावं. इतिहासकार आणि वैद्य शानिजादे अताउल्लाह एफेंदी यांच्यावर बेक्ताशी असल्याचा ठपका ठेवून त्यांना तिरे इथे हद्दपार केलं गेलं, आणि त्याच वर्षी ते तिथे वारले. शरीररचनाशास्त्रावर तुर्कीत ग्रंथ छापणारा हा माणूस. ‘बेक्ताशी’ हा शब्द नावडत्या माणसाला बाजूला सारायच्या कामी किती झटपट आला ते यातून कळतं.

८ जुलैच्या बैठकीत काय ठरलं?

८ जुलै १८२६ ला तोपकापी राजवाड्यातल्या मशिदीत बैठक झाली. शेखुलइस्लाम म्हणजे साम्राज्याचा सर्वोच्च धर्माधिकारी, माजी शेखुलइस्लाम, मोठे उलेमा हजर होतेच, पण नक्शबंदी, मेवलेवी, हलवेती, कादिरी अशा इतर सूफी सिलसिल्यांचे शेखही बोलावले होते. हे मुद्दाम केलं होतं. कारवाई सूफीमार्गाविरुद्ध नसून एका भरकटलेल्या शाखेविरुद्ध आहे, असं दाखवायचं तर बाकीच्या शेखांची संमती लागत होती. काही शेखांनी ‘आम्हाला त्यांच्याबद्दल माहिती नाही’ असं सांगून अंग चोरलं. हाजी बेक्ताश यांना कोणीही दोष दिला नाही. ते थोर संत, पण नंतरच्यांनी वाट सोडली, असं सूत्र ठरलं.

कंजी बाबा यांच्यासह तिघांना इस्तंबूलमध्ये मृत्युदंड झाला. बाकीच्यांना ‘श्रद्धा दुरुस्त करण्यासाठी’ हद्दपार केलं. जागा विचार करून निवडल्या होत्या: हादिम, बिर्गी, कायसेरी, अमास्या, तिरे, ग्युझेलहिसार. ही कडव्या सुन्नी मदरशांची गावं. तिथल्या उलेमांच्या नजरेखाली राहायचं, नमाजाला जायचं, वागणूक सुधारली असं कळलं तर सुटकेचा विचार.

६० वर्षांचा नियम म्हणजे काय?

गेल्या ६० वर्षांत बांधलेले तेक्के पाडायचे, त्याहून जुने असतील तर ते न पाडता मशीद, मदरसा किंवा तत्सम कामाला लावायचे किंवा दुसऱ्या सिलसिल्याच्या शेखाकडे द्यायचे, असा तो नियम.

आकडा मनमानी वाटतो, पण त्यामागे वक्फ कायद्याची अडचण आहे. जुनी देणगी म्हणजे ज्यांनी दिली ते सुलतान, वजीर आणि धर्मनिष्ठ लोक. तिला हात लावणं म्हणजे सुलतानाने स्वतःच्या पूर्वजांचं दान मोडणं. ऑटोमन कायद्यात ‘कदीम’ म्हणजे फार पूर्वीपासून चालत आलेली गोष्ट, आणि तिला मान असे. नव्या गोष्टीला तो नसे. ६० वर्षं म्हणजे दोन पिढ्या. त्यापलीकडचं कदीम, अलीकडचं नवं, अशी रेघ ओढून पाडापाडीला कायदेशीर रूप दिलं गेलं.

प्रत्यक्षात रेघ सरळ राहिली नाही. इस्तंबूलमध्ये सरकारच्या डोळ्यांसमोर असलेल्या तेक्केंच्या बाबतीत जुनं-नवं फार पाहिलं गेलं नाही. कबर तेवढी ठेवून भोवतालच्या खोल्या, भटारखाना, मैदान जमीनदोस्त केल्याची उदाहरणं आहेत. दूरच्या प्रांतांत मात्र स्थानिक अधिकारी कितपत उत्साही यावर सारं अवलंबून होतं. अल्बेनियाच्या डोंगरात फर्मान पोचलं तरी ते बजावायला हात नव्हते.

तेक्के बंद करण्याची पद्धत कशी होती?

इस्तंबूलहून फर्मान घेऊन एक सरकारी प्रतिनिधी आणि त्याच्याबरोबर धर्मशास्त्र जाणणारा एक जण निघे. गावच्या काझीसमोर फर्मान वाचलं जाई. मग सुरू होई मोजदाद. जमीन, द्राक्षमळे, गिरणी, गुरं, मेंढ्या, कोठारातलं धान्य, मधमाश्यांची पोळी, तांब्याची भांडी, अंथरुणं, पुस्तकं, सगळं एकेक करून उतरवायचं आणि काझीचा शिक्का घ्यायचा. पुस्तकं जप्त. गुरं, धान्य आणि भांडी लिलावात. जमीन मक्त्याने द्यायची किंवा विकायची. आलेली रक्कम मुख्यतः नव्या फौजेच्या खजिन्यात. म्हणजे येनिचेरींच्या पीराच्या नावाने मिळालेल्या जमिनीवर येनिचेरींना संपवणाऱ्या फौजेचा पगार निघाला.

या मोजदादीच्या वह्यांमुळेच आज आपल्याला कळतं की कझल देली किंवा एल्मालीजवळचा अब्दाल मुसा यांचे तेक्के म्हणजे फकिरांच्या झोपड्या नव्हत्या. ती मोठी शेतीची ठाणी होती, वाटसरूंना जेवू घालणारी आणि उरलेलं धान्य बाजारात विकणारी. पंथ मोडायला काढलेली कागदपत्रं पंथाचा सर्वांत तपशीलवार संसार जपून बसली आहेत.

बिघडायचं ते बहुधा दोन ठिकाणी. लिलावात गावचे पुढारी एकत्र येऊन पडत्या भावात माल उचलत, त्यामुळे खजिन्यात अपेक्षेहून कमी येई. आणि नवा नक्शबंदी शेख येई तेव्हा जमीन गेलेली असे, भक्त फिरकत नसत. उत्पन्नही नाही आणि माणसंही नाहीत, मग मठ चालवायचा कसा? शिवाय अनेक बेक्ताशींनी टोपी बदलली आणि नक्शबंदी म्हणून तिथेच राहिले. कागदोपत्री शेख सुन्नी, आत मात्र जुनं ‘नेफेस’ चालू.

मुख्य मठाचं काय झालं?

हाजीबेक्ताशचा मठ ६० वर्षांच्या नियमातून अर्थातच सुटला. तिथे गादीवर हमदुल्लाह चेलेबी होते. चेलेबी म्हणजे पीरांचे वंशज मानलेलं घराणं. त्यांची अमास्याला हद्दपारी झाली आणि मठात नक्शबंदी शेख नेमला गेला. १८३४ मध्ये महमूदच्या हुकमाने मठाच्या दुसऱ्या चौकात मशीद बांधली गेली. आज तिथे गेलात तर हा बदल उघड्या डोळ्यांनी दिसतो. पहिला चौक, मग दुसरा, त्यात सिंहाचं कारंजं, भटारखाना, मैदानघर, आणि त्यांच्यात नंतर आलेली मिनाराची मशीद. तिसऱ्या चौकात पीरांची कबर आणि थोडं बाजूला बालिम सुलतान यांची. बेक्ताशी मैदानाला मिनार नसतो. म्हणून तो मिनार दिसला की १८२६ आठवावं.

पंथ तिथे संपला का?

नाही. महमूद १८३९ मध्ये वारला. त्याच्यानंतर अब्दुलमजीद आणि अब्दुलअझीझ यांच्या काळात पकड सैल झाली. अधिकृत परवानगी अशी कधी आली नाही, पण तेक्के पुन्हा उघडले. इस्तंबूलच्या मेर्दिवेनक्यॉयमध्ये मेहमेद अली हिल्मी देदेबाबा (१८४२ ते १९०७) यांनी शाहकुलू सुलतान यांचा तेक्के नव्याने उभा केला. अल्बेनियन लोकांत तर पंथ अधिकच फोफावला. नाईम फ्राशेरी यांनी १८९६ मध्ये अल्बेनियन भाषेत ‘बेक्ताशी वही’ छापली, ती धर्माइतकीच राष्ट्रभावनेसाठीही वाचली गेली.

१८२६ ने एक मात्र बदललं: फौजेशी असलेली गाठ कायमची सुटली, आणि पंथाला लपून राहण्याची, दार लावून विधी करण्याची सवय पक्की झाली.

१८२६ आणि १९२५ ची बंदी एकच का?

एकच नाही, आणि पुष्कळ लेखांत त्या एकमेकींत मिसळतात. १८२६ ची बंदी सुलतानाची, धर्मशास्त्राच्या भाषेतली आणि एकाच पंथावर होती. १९२५ ची बंदी तुर्की प्रजासत्ताकाची, कायदा क्रमांक ६७७, आणि ती सगळ्याच सूफी सिलसिल्यांवर होती. म्हणजे १८२६ मध्ये बेक्ताशींच्या गादीवर बसवलेले नक्शबंदीही १९२५ मध्ये बंद झाले. विशेष म्हणजे डिसेंबर १९१९ मध्ये मुस्तफा केमाल हाजीबेक्ताशला जाऊन मठाचा पाठिंबा मिळवून आले होते.

त्यानंतर सालिह नियाझी देदेबाबा १९३० मध्ये अल्बेनियाला गेले आणि पंथाचं जागतिक केंद्र तिरानात हललं. १९६७ मध्ये अल्बेनियात सर्व धर्मांवर बंदी आली, ती उठल्यावर १९९० च्या सुमारास तेक्के पुन्हा उघडले. हाजीबेक्ताशचा मठ १९६४ पासून संग्रहालय आहे. दरवर्षी ऑगस्टमध्ये तिथे भाविक जमतात, पण कागदोपत्री ती प्रार्थनेची जागा नाही.

या विषयावर वाचताना कोणत्या माहितीपासून सावध राहावं?

१८२६ ची बहुतेक सगळी वर्णनं फिरून एका माणसाकडे जातात: दरबारी इतिहासकार एसाद एफेंदी. घटनेचा साक्षीदार, सुलतानाचा माणूस, आणि येनिचेरींना ‘मंगल’ रीतीने संपवल्याचं समर्थन करायला त्याने ग्रंथ लिहिला. त्यातल्या तारखा आणि हुकूम उपयोगी आहेत. पण बेक्ताशींच्या ‘अनाचारा’ची त्याची वर्णनं ही फिर्यादीची बाजू आहे. पुस्तकात अशी वर्णनं भेटली आणि आधार फक्त त्याचाच असला तर ती तशीच घेऊ नयेत. पलीकडून बेक्ताशींच्या परंपरेत बाहीच्या कथेसारख्या गोष्टी येतात. त्या इतिहास म्हणून नव्हे, तर शिपायांना आपल्याबद्दल काय वाटत होतं याचा पुरावा म्हणून मोलाच्या आहेत.

इस्तंबूलच्या कबरस्तानात बेक्ताशी किंवा येनिचेरी कबर ओळखायची कशी?

ऑटोमन कबरीच्या दगडावर माथ्याला मृताचं शिरस्त्राण कोरतात, त्यावरून माणूस कळतो. बेक्ताशींचा ‘हुसैनी ताज’ १२ पट्ट्यांचा असतो, बारा इमामांच्या नावे. दगडाच्या अंगावर गळ्याच्या जागी ‘तेस्लिम ताशी’, म्हणजे बारा कोनांचा शरणागतीचा खडा, कोरलेला असला तर शंकाच नको. येनिचेरीच्या दगडावर ती मागे दुमडलेली उंच टोपी असते, कधी ओर्ताची खूण असते.

बेक्ताशी दगड बऱ्यापैकी मिळतात, विशेषतः १८४० नंतरचे. येनिचेरी दगड मात्र दुर्मीळ आहेत, कारण १८२६ मध्ये जमावाने आणि अधिकाऱ्यांनी ते फोडून काढले. कुठे कुठे दगड उभा आहे, नाव वाचता येतं, तारीख वाचता येते, आणि वर जिथे टोपी असायची तिथे फक्त तुटकी मान आहे.